सदनिका विक्री करार : मस्कतस्थित खरेदीदारासाठी मराठी अनुवाद

मूळ करार इंग्रजीत आहे. अर्थाबाबत वाद उद्भवल्यास मूळ मजकूरच ग्राह्य धरला जाईल. चौकटी कंसातील टिपा अनुवादकाच्या आहेत. त्या कराराचा भाग नाहीत.

कलम १. मिळकत व क्षेत्रफळ

विकासक बाणेर, पुणे येथील ‘ब’ इमारतीच्या सातव्या मजल्यावरील सदनिका क्र. ७०४ खरेदीदारास विकण्याचे मान्य करीत आहे. सदनिकेचे चटई क्षेत्र ५८.६० चौ.मी. आहे. त्यात आतील विभाजक भिंती धरल्या आहेत. बाहेरील भिंती, सेवा-वाहिन्यांचे शाफ्ट आणि ५.२० चौ.मी.ची बाल्कनी धरलेली नाही.

भोगवटा प्रमाणपत्रानंतर विकासक अंतिम चटई क्षेत्र कळवील. फरक ३ टक्क्यांच्या मर्यादेत राहील. क्षेत्र कमी भरल्यास जादा घेतलेली रक्कम ४५ दिवसांत व्याजासह परत केली जाईल; वाढल्यास वाढीव रक्कम पुढील हप्त्यात मागता येईल. दोन्हींचा हिशेब कराराच्याच प्रति चौ.मी. दराने होईल.

[५८.६० चौ.मी. म्हणजे सुमारे ६३१ चौ.फूट. माहितीपत्रकात आपण पाहिलेला मोठा आकडा बिल्टअपचा, म्हणजे बाहेरील भिंती व बाल्कनीही धरून काढलेल्या क्षेत्राचा आहे. या करारात त्याला काहीही आधार नाही, तेव्हा तो कृपया मनातून काढून टाकावा.]

कलम २. मोबदला व हप्ते

एकूण मोबदला ₹६२,४०,०००. कर, मुद्रांक शुल्क व नोंदणी फी वेगळी.

नोंदणीपूर्वी १० टक्के, म्हणजे ₹६,२४,००० (मिळाले). करार नोंदल्यावर २० टक्के. जोते पूर्ण झाल्यावर १५ टक्के. सर्व स्लॅब मिळून २५ टक्के. भिंती, आतील गिलावा, फरशी, दारे-खिडक्या झाल्यावर ५ टक्के. स्वच्छतागृहाची जोडणी, जिने व लिफ्टचे कूप झाल्यावर ५ टक्के. बाहेरील गिलावा व गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर ५ टक्के. लिफ्ट, पंप व विद्युत जोडणीनंतर १० टक्के. उर्वरित ५ टक्के, ₹३,१२,०००, भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देताना.

मागणीपत्र नोंदणीकृत टपालाने व ई-मेलने पाठवले जाईल. तीन हप्ते थकल्यास विकासक १५ दिवसांची नोटीस देऊन करार रद्द करू शकेल.

[मागणीपत्रासोबत वास्तुविशारदाचा कामाचा दाखला जोडण्याची अट करारात नाही. आपण दूर आहात. सहीपूर्वी ती घालून घ्यावी असे मला आग्रहाने वाटते. स्लॅबचे २५ टक्के स्लॅबनिहाय कसे घेणार, हेही लिहून घ्यावे. पैसे एनआरई किंवा एनआरओ खात्यातूनच द्यावेत. किंमत ₹५० लाखांहून अधिक असल्याने, विक्रेता निवासी असेल तर, १ टक्का टीडीएस आपणच कापून भरायचा आहे.]

कलम ३. ताबा

ताबा ३१ डिसेंबर २०२७ रोजी किंवा तत्पूर्वी दिला जाईल. युद्ध, नैसर्गिक आपत्ती किंवा शासनाच्या आदेशाने काम थांबल्यास तेवढ्या काळाची मुदतवाढ मिळेल. अन्य कारणाने विलंब झाल्यास खरेदीदार करारातून बाहेर पडून भरलेली रक्कम व्याजासह परत मागू शकेल; करार कायम ठेवल्यास ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मिळेल. व्याजदर : स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर अधिक २ टक्के. ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामात दोष आढळल्यास विकासक तो विनामूल्य दुरुस्त करील.

कलम ४. प्रतिनिधी

खरेदीदाराच्या वतीने त्यांचे वडील कुलमुखत्यारपत्राच्या आधारे नोंदणी करतील व ताबा घेतील.

[कुलमुखत्यारपत्र मस्कतच्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून मूळ प्रतच पाठवावी. ती भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर मुद्रांक भरावा लागतो.]