आज अर्ध्यात तुटलेली बैठक बुधवारी रात्री साडेआठला पुढे चालू

सर्व केळी उत्पादक सभासद भाऊ, दादा, ताई, आप्पा, नाना यांना नमस्कार.

आज रविवार, १२ एप्रिलची आपली ऑनलाइन बैठक ८ वाजून १७ मिनिटांनी बंद पडली. उरलेले विषय बुधवार, १५ एप्रिल २०२६ रोजी रात्री ८:३० ते ९:३० या वेळेत घेऊ. लिंक आजचीच आहे, नवी नाही. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल, पण चौथ्या विषयाचं तेवढं वाचून जा. पैशांचा मामला आहे.

आधी झालं काय ते. गावातला डीपी उडाला. माझं राउटर इन्व्हर्टरवर होतं, पण केबलवाल्याचा चौकातला बॉक्स त्याच डीपीवर, तो गेला की नेट गेलं. लगेच मोबाइलवरून जोडायला गेलो तर रेंजची एकच दांडी. सगळं गाव त्याच वेळी मोबाइलच्या नेटवर आलेलं. इकडे ज्यांचा फोन आपोआप बाहेर फेकला गेला ते परत आत यायला बघत होते आणि त्यांना आत घेणारा मी एकटाच. दुसऱ्या कोणाला को-होस्ट केलं नव्हतं. डीपी माझ्या हातात नाही, पण ही चूक माझीच. वेटिंगमध्ये ताटकळलेल्या सगळ्यांची माफी मागतो. अमळनेरकडचे आपले आप्पा दहा मिनिटं “मना आवाज येस का?” विचारत बसले होते म्हणे, त्यांची तर विशेष.

आता काय झालेलं धरायचं आणि काय नाही.

पहिले तीन विषय पूर्ण झाले, ते पुन्हा काढायचे नाहीत. मागच्या हंगामाचा हिशेब वाचून मंजूर झाला. पॅकिंगच्या क्रेटचं ठरलं तसंच राहील. वाऱ्याच्या बाजूला बांधावर गजराज गवत लावायचं, त्याची ठोंबं एकत्र आणायची, हेही पक्कं. मे-जूनची वादळं तोंडावर आहेत आणि गवत काही चार दिवसांत वाढत नाही, म्हणून ज्यांनी नाव दिलं त्यांनी बुधवारची वाट न पाहता चर काढून ठेवावी.

चौथा विषय म्हणजे मृगबागेची टिश्यूकल्चर रोपं. इथेच मतं घेताना तार तुटली. माझ्या वहीत ४१ हात मोजलेले आहेत, पण बैठकीत तेव्हा ५८ जण होते. त्यामुळे हा आकडा कुठल्याच बाजूचा निकाल नाही. मी गेल्यावर १९ जण आणखी अकरा मिनिटं बोलत होते आणि “पहिल्या लॅबचं फायनल” असा निरोप काहींना गेल्याचं कळलं. तसं काहीही फायनल नाही. त्या अकरा मिनिटांत कोणी वाईट हेतूनं बोललं असं माझं म्हणणं नाही, पण उरलेल्या ३९ जणांना ऐकूच आलं नाही ते ठरलं कसं म्हणायचं? मतं बुधवारी पहिल्यापासून घेऊ. रविवारी हात वर केलेल्यांनी पुन्हा करायचा आणि विचार बदलला असेल तर खुशाल बदलायचा.

मधल्या दोन दिवसांत विचार करायला मुद्दा पुन्हा लिहून ठेवतो. आपली एकत्र मागणी १,२०,००० रोपांची आहे. पाच बाय सहा फुटांवर एकरी १,४५२ रोपं बसतात, म्हणजे साधारण ८२ एकर. पहिल्या लॅबचा भाव १६ रुपये ५० पैसे, दुसरीचा १४ रुपये ७५ पैसे. फरक एकूण २ लाख १० हजारांचा. कमी नाही, मान्य. पण पहिली लॅब बॅचचा विषाणू तपासणीचा अहवाल गाडी भरायच्या आधी दाखवते आणि प्रमाणित रोपांचं लेबल देते. दुसरी म्हणते अहवाल नंतर पाठवू. सीएमव्ही ज्यांच्या शेतात येऊन गेला त्यांना हा ‘नंतर’ काय असतो ते सांगायला नको. पोंग्याजवळ पिवळे पट्टे दिसले की झाड उपटून गाडण्यापलीकडे इलाज नाही, आणि मावा तो रोग शेजारच्या बांधावर नेऊन ठेवतो. एकाच्या स्वस्त रोपाची किंमत दुसरा भरतो. हे माझं मत झालं, दुसरी बाजू मांडणाऱ्यांना बुधवारी तेवढाच वेळ मिळेल. दुसऱ्या लॅबला मी उद्या सकाळी फोन करून अहवाल आधी देणार का हे लेखी विचारतो, उत्तर याच ग्रुपवर टाकतो.

बुधवारच का, असं विचारणारे आलेच. आज रात्रीच परत जोडायचं म्हटलं तर दहा वाजेपर्यंत इथे वीज आली नाही. उद्या सोमवारी डीपी बदलायचं चाललंय, भरवसा नाही. मंगळवारी १४ एप्रिल, बाबासाहेबांची जयंती, आपले कितीतरी सभासद मिरवणुकीत आणि तयारीत असतील. पुढे रविवारी आखाजी. लेकी माहेरी येणार, झोके बांधायचे, घरोघरी पाहुणे, शुक्रवारनंतर कोणी फोन हातात धरणार नाही. आणि लॅबला आगाऊ रक्कम शनिवारी १८ तारखेपर्यंत गेली नाही तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला आपला नंबर मागे पडतो. म्हणून बुधवारी ठरवायचं, गुरुवारी पैसे.

चौथ्यानंतर पीक विम्याचे अर्ज आणि कापणीच्या वेळच्या गाड्या हे दोन विषय राहतात. विम्याचं थोडक्यात आटपू, ज्यांची कागदपत्रं अपुरी आहेत त्यांना कळवणं एवढंच आहे. गाड्यांवरून मात्र वाद होणार हे मला माहीत आहे. आयत्या वेळचे विषय वेळ उरला तर, नाहीतर मे महिन्यात.

या वेळी सोय अशी. मी घरून नाही, तालुक्याच्या गावी ऑफिसातून बसणार, तिथे जनरेटर आहे. रावेर आणि चोपड्याचे आपले दोन्ही गटप्रमुख को-होस्ट राहतील, मी पडलो तरी तुम्हाला आत घ्यायला कोणीतरी असेल. सगळेच तुटलो आणि पंधरा मिनिटांत जमलं नाही, तर बैठक तिथेच थांबली असं समजा, कोणीही पुढे ठरवू नका. नेट कमी असेल तर कॅमेरा बंद ठेवा, आवाज पुरे.

ज्यांची रात्रीच्या थ्री फेजची पाळी आहे आणि साडेआठला मोटारीवर जावंच लागतं, त्यांनी आपलं मत बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत आपल्या गटप्रमुखाला फोनवर सांगावं. फक्त चौथ्या विषयाचं. ते नावासकट बैठकीत वाचून दाखवू. दुसऱ्याच्या हाती निरोप धाडू नका, स्वतः बोला.

आजचं रेकॉर्डिंग ८:१७ पर्यंतचं आहे, उद्या दुपारी टाकतो. जे उशिरा आले त्यांनी हिशेबाचा भाग तेवढा बघून घ्यावा, म्हणजे बुधवारी तोच प्रश्न परत येणार नाही.

मिळालं असेल तर खाली ‘वाचलं’ एवढं लिहा. ज्यांचं उत्तर मंगळवार रात्रीपर्यंत येणार नाही त्यांना बुधवारी सकाळी मी फोन करीन, तेव्हा फोन उचला म्हणजे झालं.

आपला,
सचिव

रविवार, १२ एप्रिल, रात्री १०:४०