टायमिंग डायग्राम कसा वाचायचा: सायलीसाठी टिपण

सायली,

काल रिव्ह्यूमध्ये तू फ्लॅशचा क्लॉक ५० मेगाहर्ट्झ ठेवला होतास. कारण विचारल्यावर म्हणालीस, "डेटाशीटच्या पहिल्या पानावर १०४ लिहिलंय, मी तर निम्माच घेतलाय." मीटिंगमध्ये मी पुढे काही बोललो नाही, कारण पाच जणांसमोर दोन वाक्यांत उरकण्याजोगा हा विषय नाही. म्हणून सवडीने लिहितोय. फ्लॅशच्या डेटाशीटमधलं एसी कॅरॅक्टरिस्टिक्सचं पान आणि त्याखालच्या आकृत्या शेजारी उघडून ठेव, आणि आपल्या कंट्रोलरच्या डेटाशीटमधलं एसपीआयचं पानही. दोन्ही लागतील. एकाच चिपचा डायग्राम म्हणजे फोनवरचं एकाच बाजूचं बोलणं, त्यावरून व्यवहार ठरत नाही.

आधी नावांकडे बघ. tDVCH, tCHDX, tCLQV, tCLQX. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही पाठ करायची नावं वाटतात, पण ती सरळ वाचता येतात. D म्हणजे चिपमध्ये येणारा डेटा, Q म्हणजे चिपमधून बाहेर पडणारा, C म्हणजे क्लॉक, S म्हणजे चिप सिलेक्ट. V म्हणजे स्थिर, वैध. X म्हणजे आता भरवसा नाही. H आणि L म्हणजे वर आणि खाली. म्हणून tDVCH म्हणजे डेटा स्थिर झाल्यापासून क्लॉक वर जाईपर्यंतचा वेळ. हाच सेटअप. tCHDX म्हणजे क्लॉक वर गेल्यापासून डेटा हलेपर्यंतचा वेळ. हाच होल्ड. बाण कुठून निघतो आणि कुठे टेकतो हे नावातच आहे. काही डेटाशीट tSU आणि tH एवढंच लिहितात, तिथे बाणाची दोन्ही टोकं डोळ्यांनी तपासावी लागतात.

आकृतीत तिरप्या रेघांनी भरलेला पट्टा दिसतो ना, त्याबद्दल तू विचारलं होतंस. येणाऱ्या डेटावर तो असेल तर "इथे काहीही असलं तरी चालेल" असा अर्थ. बाहेर जाणाऱ्या डेटावर असेल तर "इथे काय असेल सांगता येत नाही, वाचू नकोस" असा. आकृतीच्या मापांवर मात्र कधीही जाऊ नकोस. होल्डचा बाण सेटअपएवढाच लांब काढलेला असतो आणि खाली तक्त्यात एक २ तर दुसरा ५ नॅनोसेकंद असतो. आकृती फक्त क्रम सांगते, वेळ तक्ता सांगतो. आणि वेळ कोणत्या व्होल्टेजपासून मोजलाय, मध्यापासून की VIL-VIH पासून, ते तळटिपेत असतं. मंद चढणाऱ्या सिग्नलवर त्याने एखाद्या नॅनोसेकंदाचा फरक सहज पडतो.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. प्रत्येक बाण पाहिला की स्वतःला विचार: ही मागणी आहे की हमी? सेटअप आणि होल्ड या चिपच्या मागण्या आहेत. "मला क्लॉकच्या २ नॅनोसेकंद आधी डेटा स्थिर हवा" असं चिप म्हणते. म्हणून हे आकडे मिनिममच्या रकान्यात असतात, त्याहून जास्त वेळ दिलास तर तिची तक्रार नसते. tCLQV आणि tCLQX या हम्या आहेत. पहिली म्हणते, "क्लॉक पडल्यावर फार तर ७ नॅनोसेकंदांत नवा डेटा देईन", म्हणून तो आकडा मॅक्झिममच्या रकान्यात. दुसरी म्हणते, "निदान दीड नॅनोसेकंद तरी जुना डेटा हलवणार नाही", म्हणून मिनिमम. टायमिंग तपासणं म्हणजे एका चिपची हमी दुसऱ्या चिपच्या मागणीला पुरते का, हे बघणं. १०४ मेगाहर्ट्झ हा आकडा फ्लॅशचा एकटीचा आहे. समोर कोण बसलंय हे तिला ठाऊक नाही.

मागणी मुळात का असते, तेही सांगतो. फ्लिपफ्लॉपच्या आत पुढचा लॅच क्लॉक खाली असताना उघडा असतो आणि क्लॉक वर जाताना बंद होतो. बंद होण्याआधी आतला नोड पूर्ण चढलेला किंवा पूर्ण उतरलेला हवा, त्यासाठी लागणारा वेळ म्हणजे सेटअप. आणि दार मिटायलाही थोडा वेळ लागतो, तेवढ्यात डेटा बदलला तर नवा आत शिरतो. तो होल्ड. क्लॉकची वाट आत लांब आहे की डेटाची, त्यावर होल्ड शून्य किंवा ऋणही येऊ शकतो. तसा आकडा दिसला तर छपाईची चूक समजू नकोस.

आता आपला बोर्ड घे. मोड ० आहे: दोन्ही बाजू उतरत्या एजवर डेटा बदलतात आणि चढत्या एजवर वाचतात. फ्लॅश वरच्या छोट्या बोर्डावर असल्याने वाट साधारण १५ सेंटिमीटर, म्हणजे जायला अंदाजे १ नॅनोसेकंद. लिहिताना क्लॉक आणि डेटा दोघेही कंट्रोलरकडून निघून एकाच दिशेने जातात, त्यामुळे वाटेचा वेळ दोघांनाही सारखाच लागतो आणि हिशेबातून जवळजवळ निघून जातो. ५० मेगाहर्ट्झला अर्धा पीरियड १० नॅनोसेकंद. कंट्रोलर डेटा द्यायला ४ घेतो, फ्लॅशला २ चा सेटअप हवा, ४ उरतात. लिहिण्याची बाजू तुझ्या आकड्यावरही ठीक आहे.

वाचताना मात्र क्लॉक आधी फ्लॅशपर्यंत जातो, मग डेटा तेवढीच वाट परत येतो. इथे वाट दोनदा मोजावी लागते:

```
उतरती एज, कंट्रोलरच्या पिनवर      0.0 ns
क्लॉक फ्लॅशपाशी                   1.0
डेटा स्थिर (tCLQV max 7)          8.0
डेटा कंट्रोलरपाशी                  9.0
चढती एज 10.0 - सेटअप 3.0          7.0
मार्जिन                           -2.0
```

डेटा ७ ला हवा होता, ९ ला येतोय. ४० मेगाहर्ट्झला अर्धा पीरियड १२.५ होतो आणि अर्ध्या नॅनोसेकंदाचं मार्जिन दिसतं. इथेच माणूस फसतो. क्लॉकचा ड्यूटी सायकल ४५ ते ५५ टक्के असं कंट्रोलरच्या त्याच पानावर लिहिलंय, म्हणजे खालचा भाग ११.२५ इतकाच धरायला हवा आणि मार्जिन उणे ०.७५ होतं. २५ मेगाहर्ट्झला तोच खालचा भाग १८, त्यातून १२ वजा, ६ शिल्लक. हिशेबात टिपिकलचा रकाना कुठेही घेऊ नकोस. तो आकडा खोटा नसतो, पण त्याची हमी कोणी देत नाही.

वेग हवाच असेल तर कंट्रोलरमध्ये वाचन अर्धा सायकल उशिरा करायची सोय आहे. मग डेटा पुढच्या उतरत्या एजवर वाचला जातो, वीस नॅनोसेकंद मिळतात आणि सेटअपचं मार्जिन ८ होतं. पण आता होल्डकडे बघ. ज्या एजवर आपण वाचतोय त्याच एजवर फ्लॅश पुढचा बिट काढायला लागते. जुना बिट टिकतो तो फक्त १ + १.५ + १, म्हणजे साडेतीन नॅनोसेकंद. कंट्रोलरची होल्डची मागणी २ आहे, दीड उरतात. या हिशेबात पीरियड कुठेच नाही, हे नीट बघ. म्हणजे इथे होल्ड तुटला असता तर क्लॉक १ मेगाहर्ट्झवर आणूनही तो तुटलेलाच राहिला असता. "क्लॉक कमी करून बघ" हा आपल्या लॅबमधला पहिला सल्ला असतो. तो सेटअपला लागू पडतो, एकाच एजवरच्या होल्डला नाही.

हे मी किंमत मोजून शिकलोय. आधीच्या एका नोकरीत मी अशाच बोर्डवर मधे लेव्हल शिफ्टर टाकला आणि त्याचा वेळ फक्त एकदा धरला. क्लॉकच्या वाटेवरही तो होता, हे डोक्यात आलंच नाही. टेबलावर सगळं सुरळीत. ओव्हनमध्ये ६० अंशांवर बोर्ड ठेवला आणि फ्लॅशचा आयडी EF 40 17 यायचा तिथे 77 A0 0B यायला लागला. दोन दिवस मी सोल्डरिंग तपासत बसलो, ड्रायव्हरमधली एकेक ओळ पुन्हा वाचली. मग कागदावर बिट मांडले:

```
हवे   11101111 01000000 00010111
आले   01110111 10100000 00001011
```

सगळे बिट एक घर उजवीकडे सरकलेत, दिसतंय? डेटा बरोबरच येत होता, फक्त उशिरा, आणि आपण दर वेळी आधीचा बिट वाचत होतो. गरम झाल्यावर शिफ्टर आणि फ्लॅश दोघेही थोडे मंदावले आणि टेबलावर जेमतेम भागत होतं ते भागेनासं झालं. आयडी असा एक घर सरकलेला दिसला की आधी वाचनाच्या सेटअपकडे जा.

स्कोपवर हे बघताना दोन गोष्टी सांभाळ. वाचताना प्रोब कंट्रोलरच्या पिनपाशी लाव, फ्लॅशपाशी नाही. मागणी ज्याची, मोजमाप त्याच्या दारात. आणि बाकावरचा १०० मेगाहर्ट्झचा स्कोप इथे चालणार नाही. ०.३५ भागिले बँडविड्थ केलंस तर त्याचा स्वतःचा राइझ टाइमच ३.५ नॅनोसेकंद येतो, त्यात दीड नॅनोसेकंदाचं मार्जिन कसं दिसणार? कपाटातला ५०० चा घे, ग्राउंडची लांब वायर काढून स्प्रिंग लाव, आणि आधी दोन्ही प्रोब एकाच पिनवर लावून एज एकमेकींवर बसतात का ते बघ. बसत नसतील तर डीस्क्यू कर.

बटण किंवा बाहेरून येणाऱ्या इंटरप्टसारख्या सिग्नलला यातलं काहीच लागू होत नाही. आपल्या क्लॉकशी त्याचा संबंधच नसल्याने तो कधी ना कधी सेटअप-होल्डच्या खिडकीत येणारच. तिथे एफपीजीएमध्ये दोन फ्लिपफ्लॉपचा सिंक्रोनायझर घालतात. त्यावर वेगळं बसू.

आत्ता फर्मवेअरमध्ये २५ मेगाहर्ट्झ टाक, म्हणजे टेस्टिंग अडणार नाही. गुरुवारपर्यंत वरचा तक्ता स्वतः पुन्हा मांड, माझे आकडे उतरवून न घेता दोन्ही डेटाशीटमधून काढ, आणि प्रत्येक आकड्यापुढे मागणी की हमी ते लिही. tSLCH आणि tSHSL, म्हणजे चिप सिलेक्टचे दोन बाणही त्यात घे, ते मी मुद्दाम सोडलेत. दुपारच्या चहानंतर तीन नंबरचा बोर्ड आणि ५०० चा स्कोप घेऊन बसू. उशिरा वाचायची सोय चालू करून होल्ड खरंच साडेतीन येतो का, ते मलाही बघायचंय.

मंदार

ता. क. मोजल्यावर होल्ड तक्त्यातल्यापेक्षा बराच जास्त दिसेल. त्यावरून हिशेब सैल करू नकोस. आपल्या हातात एकच बोर्ड आहे आणि खोलीत पंचवीस अंश आहेत.