कलम १४ चं मराठी, आणि वकिलाला काय विचारायचं

काका, नव्या मालकाने सहीसाठी दिलेल्या लेटरचे फोटो नीट वाचले. नोकरी सोडायचा आणि काढायचा सगळा मामला कलम १४ मध्ये आहे, तेवढंच खाली मराठीत करून देतोय. भाषा सोपी ठेवलीय पण अर्थ कुठे गोड केला नाहीये, इंग्रजीत जिथे गोलमाल आहे तिथे गोलमालच ठेवलाय. सही मात्र इंग्रजीवर होणार आणि भांडण झालं तर तेच वाचलं जाणार, हे फक्त तुमच्या आणि काकूच्या समजण्यापुरतं.

१४.१ रुजू झाल्यापासून सहा महिने प्रोबेशन. या काळात कोणीही १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन, कारण न सांगता नोकरी संपवू शकतं. लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत कर्मचारी प्रोबेशनवरच धरला जाईल.

१४.२ कन्फर्म झाल्यावर कर्मचाऱ्याला सोडायचं असेल तर ९० दिवसांची लेखी नोटीस. कंपनीला काढायचं असेल तर ३० दिवसांची लेखी नोटीस किंवा तेवढ्या दिवसांचा बेसिक पगार. कर्मचाऱ्याने नोटीस पूर्ण केली नाही तर उरलेल्या दिवसांचा ग्रॉस पगार कंपनी वसूल करेल. नोटीसऐवजी पैसे घ्यायचे की नाही हे कंपनीच ठरवेल.

१४.३ चोरी, गैरवर्तन, गुप्त माहिती बाहेर देणं, न कळवता सलग ८ दिवस गैरहजर राहणं, किंवा मॅनेजमेंटच्या मते कंपनीच्या हिताला बाधक असं कुठलंही वागणं, यासाठी कंपनी नोटीस किंवा त्याचा पगार न देता लगेच काढू शकते.

१४.४ आयकार्ड आणि सामान परत करून नो-ड्यूज मिळाल्यावर ४५ दिवसांत फायनल हिशोब.

१४.५ हा करार म्हणजे नवीन नेमणूक आहे. आधीचे सगळे करार आणि बोलणी रद्द.

आता वकिलाचं. मला सगळ्यात जास्त खटकतंय ते १४.५, नोटीसचे दिवस नंतर. तुमची त्याच प्लांटमध्ये अकरा वर्षं झालीत, फक्त मालक बदलला, मग नवीन नेमणूक कसली आणि प्रोबेशन कसलं? जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात, म्हणजे १९४७ च्या, कलम २५एफएफ होतं की धंदा दुसऱ्याकडे गेला तर कामगाराला छाटणीसारखी नोटीस आणि भरपाई द्यायची, ती टळायची फक्त नोकरी तुटली नाही, शर्ती आधीपेक्षा वाईट झाल्या नाहीत आणि नव्या मालकाने जुनी सर्व्हिस धरली तरच. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे, त्यातलं कुठलं कलम आपल्याला लागेल आणि सही केल्यावर अकरा वर्षांची ग्रॅच्युइटी शाबूत राहते का हे वकिलाकडून लेखी घ्या, नुसतं हो हो नको. छाटणी झाली तर दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार असा हिशोब असतो, अकरा वर्षांचे १६५ दिवस, आणि सर्व्हिस शून्यावर आली तर हे सगळंच हातचं जातं.

पण छाटणीची भरपाई आणि मालक बदलल्यावरचं संरक्षण मिळतं कामगाराला. तुमच्या लेटरवर सुपरवायझर लिहिलंय आणि पगार २६ हजार, नव्या संहितेत १८ हजारांच्या वर पगार असलेला सुपरवायझर कामगार धरत नाहीत. तुम्ही तर स्ट्रिप पॅकिंगची मशीन स्वतः चालवता, बॅच रेकॉर्ड भरता, हाताखाली दोन पोरं आहेत म्हणून सुपरवायझर! कोर्ट पदाचं नाव नाही, मुख्य काम काय ते बघतं, म्हणून वकिलाला दिवसभर नेमकं काय करता ते सगळं सांगा, रजा मंजूर करायचा किंवा कोणाला काढायचा अधिकार नाही हे पण सांगा. उत्तर कुठल्या बाजूला जातं त्यावर ही भरपाई आणि संरक्षण ठरतं.

९० आणि ३० चा फरक, वर तुमच्याकडून ग्रॉस आणि त्यांच्याकडून बेसिक, हे बोलून बदलून घेण्यासारखं आहे. वसुलीबद्दल करार कायद्याचं कलम ७४ विचारा, तिथे वाजवी भरपाईची गोष्ट आहे, पण कोर्ट नेहमीच कर्मचाऱ्याच्या बाजूने असतं असं समजू नका, मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने दोन लाखांचा बॉन्ड बरोबर धरला होता. १४.३ मध्ये ‘मॅनेजमेंटच्या मते’ हे काढायला लावता आलं तर बरं, नाहीतर आधी चार्जशीट आणि चौकशी होणार एवढं तरी घालून घ्या. ४५ दिवसांचं तर चुकीचंच वाटतंय, वेतन संहितेत राजीनामा असो की काढणं, दोन कामाच्या दिवसांत वेतन द्यायचं आहे.

जाताना जुनं अपॉइंटमेंट लेटर, मालक बदलल्याची नोटीस, सगळ्या पगार स्लिपा आणि पीएफचं पासबुक घ्या. शनिवारी संध्याकाळी मी सांवेर रोडलाच गेटवर येतो, तिथून सरळ पलासियाला वकिलाकडे जाऊ. एचआरवाल्याला तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच टाका: ‘करार वाचतोय, सोमवारी उत्तर देतो.’ फोनवर काही कबूल करू नका.