प्रबंधाच्या मांडणीचं काम: काय करायचं, कशाला हात लावायचा नाही

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर ठरल्याप्रमाणे `prabandh_07.docx` ही फाइल सोबत पाठवते आहे. पांझरा खोऱ्यातल्या फड पद्धतीच्या सिंचनावरचा माझा प्रबंध: ३१२ पानं, सहा प्रकरणं, तीन परिशिष्टं, ४१ तक्ते, २३ नकाशे आणि छायाचित्रं. मजकुराला मार्गदर्शकांची अंतिम मान्यता मिळाली आहे, म्हणून तुमच्याकडचं काम फक्त रूपाचं आहे. फाँट, क्रमांक, अंतरं आणि पानाची मांडणी एवढंच. शब्द, विरामचिन्हं, वाक्यांचा क्रम यांतलं काहीही बदलायचं नाही, अगदी उघड चूक दिसली तरी. तिथे कॉमेंट टाका, निर्णय मी घेईन.

याला एकच अपवाद आहे. दुसरं आणि तिसरं प्रकरण जुन्या फाँटमध्ये टाइप झालं होतं आणि नंतर युनिकोडमध्ये आणलं. त्यात रफार आणि वेलांटी एकत्र आली की अक्षरं सरकली आहेत: 'आर्थिक'चं 'आथिर्क', 'निर्मिती'चं 'निमिर्ती'. ही सगळी सरळ करा. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांनी' यांतला 'ऱ्य' दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप झाला आहे. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. सगळीकडे 'ऱ' (U+0931) वापरून एकसारखं करा. 'ॲ'चंही तसंच, एकच अक्षर म्हणून (U+0972).

मुख्य फाँट Tiro Devanagari Marathi, १४ पॉइंट. ल आणि श मराठी वळणाचे हवेत म्हणून हा निवडला. या फाँटला ठळक रूप नाही. B दाबलं की वर्ड अक्षर नुसतं फुगवून दाखवतं आणि छपाईत जोडाक्षरं भरून जातात. त्यामुळे शीर्षकांना बोल्ड नको. आकार आणि वरची-खालची मोकळी जागा यांनीच ती उठून दिसू देत. प्रकरणाचं नाव २०, उपशीर्षक १६, त्याखालचं १४ पॉइंट. इंग्रजी मजकूर Times New Roman, १२ पॉइंट. देवनागरीचा फाँट आणि आकार `Complex scripts`च्या चौकटीत बसवा, नाहीतर वरून १४ दिसतं आणि कागदावर भलतंच उमटतं. हे प्रत्येक परिच्छेदावर हाताने न करता `Normal`, `Heading 1`, `Heading 2`, `Heading 3` या स्टाइल्समध्येच करा. विद्यापीठाने ऐनवेळी काही बदलायला सांगितलं तर एका जागी बदलता यायला हवं.

क्रमांक सध्या सगळे हाताने टाइप केलेले आहेत आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. ते काढून आपोआप पडणारे करा: प्रकरण १, मग १.१, मग १.१.१, त्याखाली नाही. अंक देवनागरी. चौथ्या प्रकरणात ४.३ दोनदा आला आहे आणि पुढे मजकुरात 'पाहा ४.३' असा उल्लेख तीन ठिकाणी आहे. नवा क्रम पडला की त्यातले कुठले उल्लेख ४.३ आणि कुठले ४.४ हे मीच सांगू शकते; तिथे अंदाज करू नका. बाकी सगळे 'पाहा' जोडसंदर्भ करून टाका. तक्त्यांचं शीर्षक वर, आकृत्यांचं खाली, दोन्हींचे क्रमांक प्रकरणानुसार. तळटीपा प्रत्येक प्रकरणात १ पासून. अनुक्रमणिका, तक्त्यांची यादी आणि आकृत्यांची यादी शेवटी आपोआप काढा.

आता जिथे क्रमांकाला अजिबात हात लावायचा नाही त्या जागा. परिशिष्ट २ मध्ये बंधाऱ्याच्या दुरुस्तीचा जुना करारनामा आहे. त्यात सहाव्या कलमानंतर थेट आठवं येतं. मूळ कागदावर तसंच आहे आणि पाचव्या प्रकरणात मी त्यावर लिहिलं आहे. आपोआप क्रमांक लावले तर आठचं सात होईल आणि पुराव्याचाच बळी जाईल. तिथले अंक साधा मजकूर म्हणून राहू द्या. परिशिष्ट ३ च्या हिशेबात '१२-४-६' असे आकडे आहेत. ते बारा रुपये, चार आणे, सहा पै. ती तारीख नाही. रेघ लांब करू नका, आकडे उलटे फिरवू नका आणि हा तक्ता एक्सेलमध्ये नेऊन परत आणू नका. 'शके १७९५ (इ.स. १८७३)' हेही तसंच, ओळ मात्र मधे तुटू देऊ नका.

चौथ्या प्रकरणातले पाटकऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या मुलाखतींचे उतारे अहिराणीत आहेत. 'पानी', 'नही', 'उना' ही त्यांची बोली आहे, टायपिंगची चूक नव्हे. त्या माणसांनी तासन्‌तास बसून मला पाण्याच्या पाळ्या समजावल्या. त्यांचं बोलणं छापात प्रमाण मराठी होऊन आलं तर मला ते कधीच चालणार नाही. काम सुरू करण्याआधी ऑटोकरेक्ट बंद करा आणि सगळ्या फाइलवर एकदम `Replace All` चालवू नका. 'फड पद्धत' कुठे जोडून आहे, कुठे तोडून, तेही आहे तसंच ठेवा.

अंतरांचं थोडक्यात: ओळींत दीडपट, परिच्छेदानंतर ६ पॉइंट, पहिली ओळ अर्धा इंच आत. जागा सोडायला मारलेले रिकामे एंटर, दोन-दोन स्पेस आणि स्वल्पविरामाआधीची स्पेस काढा. मात्र परिशिष्ट १ मध्ये ओव्या आहेत. त्यांच्या ओळी जिथे तुटतात तिथेच तुटल्या पाहिजेत. मुख्य मजकूर दोन्हीकडून सरळ, पण तक्ते आणि संदर्भसूची डावीकडून, कारण अरुंद रकान्यात शब्दांमध्ये खिंडारं पडतात.

पान ए-४, एका बाजूने छपाई, बांधणीसाठी डावीकडे दीड इंच, बाकी तिन्ही बाजूंना एक. पृष्ठक्रमांक खाली मध्यभागी: सुरुवातीच्या पानांना i, ii, iii, पहिल्या प्रकरणापासून १. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर. पाणीवाटपाचा तक्ता ५.७ अकरा रकान्यांचा आहे. तो आडव्या पानावर घ्या, अक्षर १० पॉइंटच्या खाली नेऊ नका. नकाशे लहान केले तरी ताणू नका, त्यांवर अंतराची पट्टी आहे.

मुद्रितशोधन, संदर्भसूचीची पद्धत बदलणं आणि शब्दसूची हे या कामात नाही. काम करताना `Track Changes` चालू ठेवा, पण त्यातली `Track formatting`ची खूण काढा. म्हणजे मांडणीचे बदल पसारा करणार नाहीत आणि एखादं अक्षर हललं तर लगेच दिसेल. हाताचे क्रमांक खोडलेले त्यात दिसतीलच, त्याला हरकत नाही. परत आल्यावर मी मूळ फाइलशी ताडून पाहणार आहे.

आधी फक्त चौथं प्रकरण करून शुक्रवारपर्यंत पाठवा. त्यात सगळ्या अडचणी एकत्र आहेत. ते मी पाहून होकार कळवला की बाकीचं घ्या, त्यासाठी पुढचे दहा दिवस. शेवटी डॉकएक्स, फाँट आत बसवलेली पीडीएफ आणि शंकांची यादी हवी. दर ठरल्याप्रमाणे पानामागे ३० रुपये. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातली अक्षरं सरळ करण्याचे वेगळे पैसे होत असतील तर हात घालण्याआधी सांगा. निम्मी रक्कम आजच पाठवते आहे.