बल आणि गती: आधी उत्तर, मग कारण

इयत्ता नववी. याला गुण नाहीत. पाठ केलेलं नको, मनापासून वाटतं तेच निवडा.

१. रायबंदरहून चोडणला निघालेली फेरीबोट मांडवीत सरळ रेषेत, एकसमान वेगाने चालली आहे. वारा नाही. डेकवर उभ्या मुलीने चेंडू सरळ वर फेकला. तो कुठे येईल?
(अ) तिच्या हातात (आ) तिच्या मागे (इ) तिच्या पुढे

कारण:
(क) हात सुटताच चेंडूचा पुढचा वेग संपतो.
(ख) बोटीचं बल चेंडूत साठून त्याला पुढे नेतं.
(ग) आडवं बल नाही, म्हणून आडवा वेग बदलत नाही.

२. तोच चेंडू वर जात असताना त्यावर कोणती बलं आहेत? हवेचा विरोध सोडून द्या.
(अ) फक्त गुरुत्वबल (आ) गुरुत्वबल आणि हाताचं बल
कारण एका वाक्यात, स्वतःच्या शब्दांत.

३. खनिजाचा ट्रक स्कूटरला धडकला. कोणी जास्त बल लावलं: ट्रकने, स्कूटरने, की दोघांनी सारखंच? का?

शिक्षकांसाठी: १-अ सोबत ख आलं तर उत्तर बरोबर असूनही ‘गतीसाठी बल लागतंच’ ही समजूत शाबूत आहे. अशा मुलांशी आधी बोला. अपेक्षित: १ अ-ग, २ अ, ३ सारखंच, पण वस्तुमान कमी म्हणून स्कूटरचं त्वरण जास्त.