फार्माकॉलॉजीच्या पेपरापूर्वीचा आठवडा : मधुरासाठी उजळणीचे वेळापत्रक

पेपर पुढच्या सोमवारी असून तो तीन तासांचा आणि 80 गुणांचा आहे. रोज सकाळी 6 ते 9 आणि दुपारी 2 ते 5 वाचन करावे. संध्याकाळी दवा बाजारात काकांच्या दुकानावर जाणे बंद करू नकोस, कारण फळीवरचा डबा पाहून त्यातील औषधाचा वर्ग आठवणे हीदेखील उजळणीच आहे. रात्री 9 ते 10 या वेळेत पुस्तक मिटून दिवसभराचे कोऱ्या कागदावर लिहून काढावे.

सोमवार आणि मंगळवार स्वायत्त मज्जासंस्थेसाठी आहेत. हा भाग कच्चा राहिला तर पुढची निम्मी हृदयौषधे पोकळ पाठांतराची होतात. सोमवारी मस्कारिनिक आणि निकोटिनिक रिसेप्टर कोठे असतात व उत्तेजन मिळाल्यावर तेथे काय घडते, याचा तक्ता स्वतःच्या हाताने कर; तो पक्का झाला की ॲट्रोपीन वेगळे पाठ करावे लागत नाही, कारण बाहुली विस्फारणे, तोंड कोरडे पडणे आणि नाडी वाढणे हे त्याच तक्त्याचे उलटे वाचन आहे. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा मात्र नीट लिहून काढ : ॲट्रोपीन लाळ, घाम आणि श्वासनलिकेतील स्राव आवरते, परंतु स्नायूंची दुर्बलता त्याने जात नाही, त्यासाठी प्रॅलिडॉक्झिम लागते आणि तेही लवकर द्यावे लागते. मंगळवारी अल्फा व बीटा रिसेप्टर, ॲड्रिनलीन, साल्ब्युटामॉल, आणि दम्याच्या रुग्णाला प्रोप्रानोलॉल का देत नाहीत, याचे कारण.

बुधवारी रक्तदाब आणि अंजायना. एनालाप्रिलने कोरडा खोकला येतो, लोसार्टानने तो सहसा येत नाही, गरोदरपणात दोन्ही वर्ज्य. ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात. नायट्रोग्लिसरीन जिभेखाली का ठेवतात, याचे उत्तर यकृतातील पहिल्या फेरीच्या चयापचयासह लिही. गुरुवारी सकाळी डिगॉक्सिन आणि फ्युरोसेमाइड एकत्र वाच, कारण फ्युरोसेमाइडने पोटॅशियम घटते आणि त्यामुळे डिगॉक्सिनची विषारिता वाढते. दुपारी उरलेले वर्ग भराभर उरकावेत.

शुक्रवारी प्रतिजैविके : पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्तिका बनू देत नाही, ॲमिनोग्लायकोसाइड 30एस रायबोसोमवर आणि मॅक्रोलाइड 50एसवर काम करतात. शनिवारी सकाळी क्षयरोग, आणि तो सावकाश. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, आयसोनियाझिडसोबत मज्जातंतूंच्या रक्षणासाठी पायरिडॉक्सिन देतात, पायराझिनामाइडने युरिक ॲसिड वाढते, इथॅम्ब्युटॉलने रंगदृष्टी बिघडू शकते. दुपारी मलेरिया, तसेच कर्करोगाच्या औषधांपैकी मेथोट्रेक्सेट आणि डॉक्सोरुबिसिन एवढी दोन पुरेशी आहेत.

रविवारी सकाळी 10 ते 1 मागील वर्षाचा पेपर घड्याळ लावून, मोबाइल स्वयंपाकघरात ठेवून सोडव. दुपारी फक्त अडलेले प्रश्न पाहावेत आणि रात्री 9 नंतर नवे प्रकरण उघडू नये.