केळी पॅकहाउसचा 2024-25 चा हिशेब : संचालक मंडळासमोरील निवेदन

माननीय अध्यक्ष आणि सर्व संचालक बंधू-भगिनींनो, नमस्कार.

आपल्यासमोरच्या अहवालात अकरा पानांचे तक्ते आहेत. ते हिशेबासाठी आवश्यक असले तरी ऐकून समजतील असे नाहीत. म्हणून त्यांतली महत्त्वाची बाब मी साध्या वाक्यांत सांगतो. ती अशी की, यंदा माल वाढला, पण वाढावा कमी झाला.

(पडद्यावर तक्ता 1)

मागील वर्षी रावेर, यावल आणि चोपडा या तिन्ही तालुक्यांतून मिळून पॅकहाउसवर 6 हजार टन केळी आली होती. यंदा 7 हजार 200 टन आली, म्हणजे मागच्या वर्षी जिथे पाच गाड्या येत होत्या तिथे यंदा सहा आल्या. एवढ्यावर थांबलो असतो, तर हा अहवाल फार गोड वाटला असता.

(पडद्यावर तक्ता 2)

मागील वर्षी आलेल्या दर 100 किलोंपैकी 60 किलो माल निर्यातीच्या प्रतीत बसला होता. यंदा 52 किलोच बसला. त्यामुळे आवक 1 हजार 200 टनांनी वाढूनही निर्यातीचा माल केवळ 144 टनांनी वाढला आणि बाकीचा देशी बाजारात द्यावा लागला. आपण 13 किलोंच्या 2 लाख 88 हजार पेट्या आखाती देशांकडे पाठवल्या, हे खरे आहे. पण त्याच वेळी 3 हजार 456 टन माल निर्यातीच्या प्रतीतून बाद झाला आणि तोही याच हातांनी उतरवला, धुतला आणि तोलला आहे.

सर्व खर्च वजा जाता निर्यातीच्या एका किलोमागे यंदा 2 रुपये 75 पैसे उरले, तर देशी मालामागे 25 पैसे. गेल्या वर्षी हेच आकडे अनुक्रमे 3 रुपये आणि 40 पैसे होते. दोन्हींची बेरीज केली, तर वाढावा 1 कोटी 17 लाख 60 हजारांवरून 1 कोटी 11 लाख 60 हजारांवर आला, म्हणजे 6 लाखांनी घटला. वाहतूक आणि विजेच्या खर्चाचे रकाने पान 5 वर आहेत. त्यांत चर्चा करण्यासारखे विशेष नाही.

(पडद्यावर तक्ता 3, येथे क्षणभर थांबावे)

माल बाद का होतो, हा तक्ता मी सावकाश सांगतो. बाद झालेल्या दर 100 किलोंपैकी 45 किलोंवर पानांच्या घर्षणाचे किंवा हाताळणीचे डाग होते आणि 30 किलोंची जाडी कमी भरली. उरलेले 25 किलो 'इतर' या रकान्यात आहेत. इतका मोठा 'इतर' ठेवणे ही आमच्या नोंदींची कमतरता आहे आणि पुढील वर्षी तो फोडून दाखवू. जाडी कमी भरण्याला थंडीही कारणीभूत आहे, कारण थंडीत घड भरायला वेळ लागतो. हवामान आपल्या हाती नाही. डाग मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहेत.

ज्या सभासदांनी घडांना स्कर्टिंग बॅग घातल्या, त्यांच्याकडून एकूण मालाचा चौथा हिस्सा, म्हणजे 1 हजार 800 टन माल आला. त्यातील दर 100 किलोंपैकी 70 किलो निर्यातीत बसला. उरलेल्या सभासदांच्या मालात हे प्रमाण 46 किलो आहे. हा सगळा फरक बॅगेचाच आहे, असा दावा मी करणार नाही, कारण बॅग घालणारा शेतकरी बहुधा कटाई आणि वाहतुकीतही काळजी घेतो.

(पडद्यावर तक्ता 4)

त्यामुळे आणखी सभासदांना बॅगा देण्याच्या प्रस्तावाचा हिशेब दोन प्रकारे मांडला आहे. आणखी 1 हजार 800 टन मालासाठी, 20 किलोंचा घड धरला तर, 90 हजार बॅगा लागतील. मिळालेल्या दरपत्रकाप्रमाणे बॅग 8 रुपयांना पडते, म्हणून एकूण खर्च 7 लाख 20 हजार होईल. त्यातला निम्मा सभासदाने आणि निम्मा, म्हणजे 3 लाख 60 हजार, कंपनीने द्यावा. पूर्ण परिणाम दिसला, तर 432 टन माल निर्यातीत जाईल आणि किलोमागे अडीच रुपयांप्रमाणे 10 लाख 80 हजार रुपये जास्त मिळतील. परिणाम निम्माच दिसला, तरी 5 लाख 40 हजार येतील, म्हणजे कंपनीचा हिस्सा वसूल होऊन 1 लाख 80 हजार शिल्लक राहतील. परिणाम एक तृतीयांशाच्या खाली गेला, तर मात्र पैसे अंगावर येतील, हेही मंडळाने लक्षात घ्यावे.

कांदेबागेची निसवण सुरू होण्यापूर्वी बॅगा सभासदांच्या हाती पोहोचल्या पाहिजेत, म्हणून 3 लाख 60 हजार रुपयांच्या तरतुदीस आजच्या बैठकीत मंजुरी द्यावी, अशी विनंती आहे. आपल्या प्रश्नांसाठी मी उपलब्ध आहे.